चुंबकीय रेषा खरंच बंद असतात का, आणि ∇·B = 0 नक्की काय सांगतं

प्रश्न: "बीएस्सी फिजिक्स, सेकंड इयर. सगळीकडे वाचलंय की मॅग्नेटिक फील्ड लाइन्स क्लोज्ड लूप असतात कारण एकटा नॉर्थ किंवा एकटा साउथ पोल नसतो, म्हणून ∇·B = 0. पण हे कारण आहे की तेच वाक्य फिरवून सांगितलंय? आणि उद्या मोनोपोल सापडला तर मॅक्सवेलची इक्वेशन्स रद्द होणार का?"

उत्तर:

तुमचा संशय रास्त आहे. इथे तीन वेगळी वाक्यं एकाच दाव्याला बांधून टाकलीयेत. एकटा ध्रुव नसतो, हे पहिलं. ∇·B = 0 हे दुसरं. रेषा बंद असतात हे तिसरं. पहिलं आणि दुसरं म्हणजे एकच गोष्ट, एकदा शब्दांत आणि एकदा गणितात, त्यामुळे एकातून दुसरं "सिद्ध" करण्यात काही अर्थ नाही. आणि तिसरं वाक्य तर या दोघांतून निघतच नाही! ते बऱ्याच चित्रांसाठी खरं आहे, सगळ्या फील्डसाठी नाही. माझं काम कॉइल आणि मॅग्नेट डिझाइन करणं आणि नंतर ते प्रोबने मोजणं असं आहे, त्यामुळे हे तिसरं वाक्य मी मनातल्या मनात "रेषांना टोक नसतं" असं वाचतो. टोक नसणं आणि बंद असणं यात बराच फरक आहे, त्याकडे येतोच. (पेपरात मात्र "बंद वक्र" असंच लिहा, मॉडेल आन्सरशी भांडून मार्क मिळत नाहीत.)

आधी "का" बघू. विद्युत क्षेत्राचा उगम म्हणजे चार्ज, आणि स्थिर चार्जचं फील्ड त्याच्यापासून सगळ्या दिशांना बाहेर जातं. चुंबकीय क्षेत्राचा उगम म्हणजे करंट, आणि करंटच्या एका बारीक तुकड्याचं फील्ड, बिओ-सावार्टचा नियम बघा, त्या तुकड्यापासून बाहेर असं कधी जातच नाही, त्याच्याभोवती वर्तुळात फिरतं. बाहेर जाणारा घटक शून्य. आता कितीही वाकडीतिकडी वायरिंग असली तरी ती अशा तुकड्यांची बेरीजच आहे, आणि प्रत्येक तुकड्याचं डायव्हर्जन्स शून्य असेल तर बेरजेचंही शून्यच येणार. म्हणजे सगळं चुंबकत्व करंटमधून येत असेल तर ∇·B = 0 आपोआप मिळतं, वेगळं मागायची गरज नाही.

पण इथे हुशार विद्यार्थी विचारतो की सर, लोहचुंबकात कुठे वायर आहे? तिथलं चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून येतं. मग स्पिन म्हणजे बारीकसा करंट लूप कशावरून, एकमेकांना चिकटलेली नॉर्थ-साउथ जोडी कशावरून नाही? लांबून बघितलं तर दोघांचं फील्ड अगदी सारखं दिसतं, फरक फक्त आतमध्ये आहे. लूपच्या आत फील्ड मोमेंटच्याच दिशेला असतं, ध्रुवांच्या जोडीच्या आत ते उलट्या दिशेला असतं. मग आत डोकावणार कोण? हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन. ग्राउंड स्टेटमध्ये त्याचा ढग थेट प्रोटॉनवरच पसरलेला असतो, त्यामुळे दोघांच्या मोमेंटची एकमेकांशी होणारी क्रिया ही मुख्यतः या "आतल्या" फील्डवर ठरते. गणित केलं की लूपसाठी तो आतला भाग +2/3 च्या प्रमाणात येतो आणि ध्रुवांच्या जोडीसाठी −1/3 च्या. या क्रियेमुळे हायड्रोजनची ग्राउंड स्टेट दोन जवळजवळच्या पातळ्यांत फुटते. म्हणजे जोडी असती तर त्या दोन पातळ्यांमधलं अंतर निम्मं आलं असतं, आणि वरची पातळी खाली गेली असती. मोजलेलं अंतर १४२० मेगाहर्ट्झ आहे, लूपच्या हिशोबाशी जुळणारं. हीच ती २१ सेंटीमीटरची प्रसिद्ध रेषा, जी आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरही बघतात. ध्रुवांच्या जोड्या असत्या तर ती ४२ सेंटीमीटरच्या आसपास शोधावी लागली असती. म्हणजे "चुंबक कितीही कापा, दोन ध्रुव राहतातच" हे पुस्तकी वाक्य थेट इलेक्ट्रॉन-प्रोटॉनपर्यंत तपासून झालंय, आणि तिथेही ध्रुव सापडत नाहीत, लूपसारखं वागणारं काहीतरी सापडतं.

आता ∇·B = 0 चा रोजच्या कामात अर्थ काय होतो ते एका उदाहरणाने बघू, कारण बहुतेक लोक हे समीकरण पाठ करतात पण वापरत कधीच नाहीत. ५ सेंटीमीटर त्रिज्येची गोल कॉइल घ्या, १०० वेढे, १ अँपिअर करंट. मध्यभागी फील्ड μ₀NI/2R म्हणजे साधारण १.२६ मिलीटेस्ला. अक्षावर पुढे सरकलं की ते कमी होत जातं, सूत्र असं:

B(z) = B(0) / (1 + z²/R²)^(3/2)

यात आकडे टाकले की २ सेंटीमीटरवर १.००६ मिलीटेस्ला येतं आणि ३ सेंटीमीटरवर ०.७९२. बिओ-सावार्टचं हे सूत्र फक्त अक्षासाठी आहे. अक्षापासून बाजूला सरकलं की इंटिग्रल एलिप्टिक होतं आणि तिथे सगळे थांबतात. पण थांबायची गरज नाही. २ ते ३ सेंटीमीटरच्या मध्ये एक काल्पनिक डबी ठेवा, अक्षाभोवती गोल, अर्धा सेंटीमीटर त्रिज्या, एक सेंटीमीटर उंची. खालच्या झाकणाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे खालून आत येणारा फ्लक्स ०.७९० (एकक मिलीटेस्ला गुणिले चौरस सेंटीमीटर, सध्या तेच चालवू). वरून बाहेर जाणारा ०.६२२. मधले ०.१६८ कुठे गेले? डबीच्या आत ते गिळणारा ध्रुव नाही, तेव्हा ते बाजूच्या भिंतीतूनच बाहेर गेले पाहिजेत, दुसरी वाटच नाही. भिंतीचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटीमीटर, भागाकार केला की बाजूला जाणारं फील्ड साधारण ०.०५३ मिलीटेस्ला. झालं, एकही इंटिग्रल न सोडवता. हेच सूत्रात लिहिलं तर:

B_r ≈ −(r/2) · dB_z/dz

अट एवढीच की r लहान हवा, कॉइलच्या त्रिज्येच्या मानाने, नाहीतर पुढची पदं घ्यावी लागतात. या उदाहरणात r हा R चा दहावा भाग आहे तेव्हा निवांत चालतं.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही, प्रोबने मोजता येतं, फक्त मोजताना दोन गोष्टी नक्की फसवतात. एक म्हणजे पृथ्वीचं स्वतःचं फील्ड आपल्याकडे ०.०४ मिलीटेस्लाच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याला हवा तो आकडा आणि पृथ्वीचा आकडा जवळपास तेवढेच. दुसरी जास्त वाईट. हॉल प्रोब आडवा धरताना तो फक्त ३ अंश कलला तरी अक्षाच्या दिशेच्या ०.९ मिलीटेस्लामधले ०.०४७ त्यात घुसतात, आणि ३ अंशांचा कल डोळ्याला कळतसुद्धा नाही. लॅबमध्ये पोरं इथेच "सर, थिअरी जुळत नाही" म्हणून येतात. उपाय सोपा आहे: प्रोब तसाच, त्याच कोनात ठेवून अक्षाच्या उजवीकडे अर्धा सेंटीमीटरवर एक रीडिंग घ्या, मग डावीकडे अर्धा सेंटीमीटरवर दुसरं. बाजूला जाणारं फील्ड दोन्हीकडे विरुद्ध दिशेला असतं, पण कलाची चूक आणि पृथ्वीचं फील्ड दोन्हीकडे सारखंच. वजाबाकी करून निम्मं केलं की ते दोन्ही उडून जातात. अट अशी की प्रोब सरळ सरकला पाहिजे, सरकताना फिरायला नको, म्हणून हाताने धरू नका, स्लाइडवर बसवा.

आता "बंद" या शब्दाकडे येऊ. वरच्या हिशोबात बघा, डबीत शिरलेली रेषा पुढे कुठे गेली, फिरून परत आली का, हे आपण विचारलंच नाही. आत आलं तेवढं बाहेर गेलं, बस. ∇·B = 0 इतकंच सांगतं, ते प्रत्येक ठिकाणचं स्थानिक विधान आहे. रेषा फिरून स्वतःला भेटते का हा पूर्ण प्रवासाचा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल हे समीकरण गप्प आहे.

उदाहरण म्हणून तीच कॉइल घ्या आणि तिच्या अक्षावरून एक लांब सरळ तार न्या, तिच्यातही करंट सोडा. कॉइल एकटी असताना रेषा तिच्या वायरभोवती छोटे फेरे घेत होत्या. सरळ तार एकटी असती तर रेषा तिच्याभोवती मोठी आडवी वर्तुळं घेतात. आता दोन्ही एकत्र, तर रेषा छोटा फेराही घेते आणि मोठाही, म्हणजे मेदूवड्यावर भोकातून आतबाहेर करत दोरा गुंडाळावा तशी स्क्रूसारखी पुढे जाते. एक छोटा फेरा पूर्ण होईपर्यंत मोठे फेरे किती होतात हे गुणोत्तर काढा. ते बरोबर २ आलं तर दोन मोठ्या फेऱ्यांनंतर रेषा आपल्या सुरुवातीच्या बिंदूवर येते, बंद. ३/२ आलं तर तीन मोठ्या फेऱ्यांनंतर बंद. पण गुणोत्तर √2 सारखं अपरिमेय आलं तर? ती कधीच परत त्याच बिंदूवर येत नाही. फिरत राहते, फिरत राहते आणि तो अख्खा पृष्ठभाग विणून काढते. आतल्या पृष्ठभागावरून बाहेरच्या पृष्ठभागावर जाताना हे गुणोत्तर सलग बदलत जातं, त्यामुळे अपरिमेय वालेच जवळपास सगळे, बंद होणाऱ्या रेषा म्हणजे अपवाद! आणि ∇·B इथे प्रत्येक बिंदूवर काटेकोर शून्य आहे, कुठेही एकटा ध्रुव नाही.

हे कोणी मुद्दाम रचलेलं उदाहरण वाटेल, पण टोकामॅक, म्हणजे गरम प्लाझ्मा चुंबकीय फील्डने मेदूवड्याच्या आकारात धरून ठेवणारं यंत्र, अख्खं यावरच चालतं. गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये १९८९ पासून आदित्य नावाचा टोकामॅक आहे, तिथल्या लोकांसाठी हे गुणोत्तर रोजचं आहे, त्याला ते q म्हणतात. तिथे मोठ्या फेऱ्याचं फील्ड बाहेरच्या कॉइल देतात आणि छोट्या फेऱ्याचं फील्ड प्लाझ्मातून वाहणारा करंट देतो. आणि गंमत म्हणजे जिथे q २ किंवा ३/२ असा साधा अपूर्णांक होतो, म्हणजे जिथे रेषा खरोखर लवकर बंद होते, तिथेच प्लाझ्मा त्रास द्यायला लागतो, फील्ड फाटून नव्याने जोडलं जातं आणि उष्णता बाहेर निसटते. म्हणजे बंद रेषा आणि न बंद होणारी रेषा हा नुसता शब्दांचा खेळ नाही, यंत्र त्या दोघींशी वेगळं वागतं.

मग सगळ्या पुस्तकांत सगळी चित्रं बंदच का? कारण सगळी चित्रं अतिशय सममित असतात आणि कागद सपाट आहे. फील्ड एका प्रतलात मावत असेल तर त्याच्या रेषा म्हणजे एका फंक्शनच्या समान किमतीच्या रेषा असतात, नकाशावरच्या समोच्च रेषांचं जे गणित तेच. अशी रेषा एकतर स्वतःला भेटते नाहीतर चित्राच्या बाहेर जाते, अर्धवट फिरत राहायला तिला जागाच नसते. FEMM सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं, ते A नावाचं पोटेंशियल सोडवतं आणि त्याच्या समान किमतीच्या रेषा काढून देतं. त्यात एक सापळा आहे, बाहेरच्या कडेवर A = 0 अशी अट टाकली की रेषा त्या कडेच्या बाहेर जाऊच शकत नाहीत, कडेकडेने वळून छान बंद होतात. ते निसर्गाने नाही, तुमच्या अटीने बंद केलेलं असतं. ओळखायचं कसं, तर ती कड दुप्पट लांब न्या आणि परत चालवा. तुमच्या कामाच्या जागेतला आकडा बदलला तर कड फार जवळ होती.

"रेषांना टोक नसतं" या माझ्या वाक्यालाही एक पळवाट आहे, तीही सांगून टाकतो. दोन सारख्या कॉइल समोरासमोर ठेवून करंट उलटसुलट सोडला, अणू पकडून ठेवायच्या ट्रॅपमध्ये असंच करतात, तर बरोबर मध्ये फील्ड शून्य होतं. अक्षावरून दोन्ही बाजूंनी येणारी रेषा त्या शून्यबिंदूपर्यंत येते आणि तिथेच संपते, कारण पुढे दिशाच नाही. पण फ्लक्स संपत नाही, शेजारच्या सगळ्या रेषा तिथून बाजूला पांगतात. डबीचा हिशोब इथेही जुळतो, आणि म्हणूनच अशा कॉइलमध्ये अक्षाच्या दिशेचा ग्रेडियंट बाजूच्या ग्रेडियंटच्या दुप्पट येतो, नेहमी, कॉइलचं माप काहीही असो. मोजून दुप्पट आला नाही तर मी आधी कॉइल तिरकी बसलीय का ते बघतो.

आता समीकरणांकडे. ∇·B = 0 चं मॅक्सवेलच्या बाकीच्यांशी नातं काय? लोक याला चौथं सुटं समीकरण समजतात, पण फॅराडेच्या नियमाशी त्याची घट्ट गाठ आहे. फॅराडे काय म्हणतो, एखाद्या उघड्या पृष्ठभागातून जाणारा फ्लक्स बदलला की त्याच्या कडेभोवती तेवढा ईएमएफ येतो. आता तो पृष्ठभाग फुगवत न्या आणि त्याची कड आवळत आवळत बिंदूएवढी करा. पृष्ठभाग बंद झाला, कड उरलीच नाही. कड नाही म्हणजे ईएमएफ शून्य, म्हणजे बंद पृष्ठभागातून जाणारा एकूण फ्लक्स बदलूच शकत नाही. म्हणजे तो एकदा शून्य असेल तर कायम शून्य. थोडक्यात फॅराडे म्हणतो "जे आहे ते तसंच राहील", आणि ∇·B = 0 म्हणतं "आणि जे आहे ते शून्य आहे". दुसरं हे सुरुवातीच्या अटीसारखं आहे. ते फॅराडेतून निघत नाही, निसर्गात बघूनच लिहावं लागतं.

हे सिम्युलेशन करणाऱ्यांना फार महागात शिकावं लागलं. तुम्ही वेळेनुसार B पुढे ढकलताय, फक्त फॅराडेचं समीकरण वापरून, आणि प्रत्येक पावलाला थोडी थोडी चूक होतेय, तर ∇·B हळूहळू शून्यापासून सरकतं, म्हणजे तुमच्या ग्रिडवर खोटे मोनोपोल तयार होतात. त्याने बिघडतं काय? बल काढायची जी नेहमीची पद्धत असते, स्ट्रेसच्या फरकावरून, त्यात J × B सोबत B(∇·B)/μ₀ असं एक पद लपलेलं असतं. खऱ्या जगात ते शून्य. तुमच्या ग्रिडवर ते शून्य नसतं, आणि ते B च्याच दिशेने ढकलतं. चुंबकीय बल B च्या दिशेने कधीच ढकलत नाही, त्यामुळे प्लाझ्मा रेषेच्या दिशेने विनाकारण पळायला लागला की समजायचं काय झालंय. ब्रॅकबिल आणि बार्न्स यांनी १९८० मध्ये हे नीट दाखवून दिलं.

त्यावरचा मला सगळ्यात आवडणारा उपाय वरच्या कड आवळण्याच्या युक्तिवादावरच उभा आहे. घनाच्या प्रत्येक चौकटीवर B चा फ्लक्स ठेवा आणि प्रत्येक कडेवर E ठेवा, १९६६ मध्ये यी यांनी अशी मांडणी दिली. घनाची कुठलीही कड दोन चौकटींमध्ये सामाईक असते आणि दोघींच्या हिशोबात ती उलट चिन्हाने येते. सहाही चौकटींची बेरीज केली की सगळ्या बारा कडा एकमेकींना खोडतात. मग E कितीही चुकीचा काढला असो, ∇·B सुरुवातीला शून्य असेल तर शून्यच राहतं, कॉम्प्युटरच्या राउंड-ऑफपुरती चूक सोडली तर. यात बरोबर उत्तराची हमी नाही हे लक्षात ठेवा, E चुकला तर B सुद्धा चुकणारच. फक्त खोटे ध्रुव येत नाहीत.

दुसरा मोठा परिणाम म्हणजे ते वर आलेलं पोटेंशियल A. ∇·B = 0 आहे म्हणूनच B = ∇×A असं लिहिता येतं, तीन घटकांवरची अट वेगळी सांभाळावी लागत नाही, ती A मध्येच मुरलेली असते. आणि क्वांटम मेकॅनिक्समध्ये इलेक्ट्रॉनच्या श्रोडिंगर समीकरणात थेट B येत नाही, A येतं. तुमच्या मोनोपोलच्या प्रश्नाची खरी गोम इथे आहे.

उद्या मोनोपोल सापडला तर लिखाणात बदल दोनच ठिकाणी होईल. ∇·B = 0 च्या जागी ∇·B = μ₀ρ_m येईल, आणि फॅराडेच्या नियमात मोनोपोलच्या करंटचं एक जास्तीचं पद, −μ₀J_m. बाकी दोन समीकरणं जशीच्या तशी. तुमचा मोटर, ट्रान्सफॉर्मर, माझी कॉइल, कशाचाही आकडा बदलणार नाही, कारण तिथे ρ_m नाहीच. जुनी समीकरणं रद्द होत नाहीत, त्यांची रिकामी ठेवलेली जागा भरते एवढंच. अडचण A ची होते. मोनोपोलभोवती बंद पृष्ठभाग घेतला तर त्यातून फ्लक्स बाहेर येतोय, पण ∇×A चा फ्लक्स बंद पृष्ठभागातून नेहमी शून्यच असतो. तेव्हा एकच गुळगुळीत A सगळीकडे चालणं अशक्य. डिरॅक यांनी १९३१ मध्ये दाखवलं की यातूनही वाट आहे, पण एका अटीवर: कुठलाही विद्युत चार्ज q आणि कुठलाही चुंबकीय चार्ज g यांचा गुणाकार प्लँकच्या स्थिरांकाच्या पूर्ण पटीत हवा, qg = nh (g वेबरमध्ये मोजला तर). म्हणजे विश्वात कुठेही एक मोनोपोल असेल तर सगळे चार्ज ठराविक तुकड्यांतच का येतात याचं उत्तर फुकट मिळतं. म्हणूनच लोक अजून तो शोधतायत.

शोधायचं कसं, तर पुन्हा फॅराडेच. सुपरकंडक्टिंग लूपमधून साधा चुंबक आरपार गेला की फ्लक्स येतो आणि जातो, शेवटी लूपमधला करंट होता तिथेच परत. मोनोपोल आरपार गेला तर त्या जास्तीच्या पदामुळे करंट कायमचा बदलतो, आणि किती ते डिरॅकच्या अटीवरून आधीच माहीत आहे: किमान h/e, म्हणजे ४.१४ × १०⁻¹⁵ वेबर. सुपरकंडक्टरचा फ्लक्स h/2e च्या तुकड्यांत मोजतात, तेव्हा दर वेढ्याला बरोबर दोन तुकडे. १४ फेब्रुवारी १९८२ ला स्टॅनफर्डमध्ये ब्लास काब्रेरा यांच्या चार वेढ्यांच्या कॉइलमध्ये आठ तुकड्यांची उडी नोंदली गेली, अगदी हवी तेवढी. त्यानंतर जास्त मोठ्या डिटेक्टरनी वाट बघितली, तशी उडी परत मिळाली नाही, आणि एकट्या घटनेवर कोणी समीकरण बदलत नाही.

राहता राहिली बातम्यांमधली मोनोपोल. २००९ मध्ये स्पिन आइस नावाच्या क्रिस्टलमध्ये "मोनोपोल सापडले" असं बरंच छापून आलं, आणि दर वर्षी कोणी ना कोणी ती लिंक पाठवतं. ते समजायला B आणि H वेगळे धरावे लागतात. पदार्थाच्या आत B = μ₀(H + M). B ला टोक नसतं, पण M चुंबकाच्या टोकाशी अचानक संपतं, त्यामुळे H ला तिथे टोक येतं, ∇·H = −∇·M. साध्या पट्टी चुंबकातसुद्धा H च्या रेषा नॉर्थच्या तोंडावर सुरू होतात आणि साउथवर संपतात, चुंबकाच्या आतही नॉर्थकडून साउथकडे जातात, तर B आतून साउथकडून नॉर्थकडे. सॉफ्टवेअरमध्ये चुकून H चा प्लॉट निवडला की लोक घाबरून विचारतात की रेषा तुटल्या कशा, त्याचं कारण हेच. स्पिन आइसमध्ये असं H चं टोक क्रिस्टलमधून सुटं फिरू शकतं, आपल्या जोडीदारापासून लांब, आणि ते खरोखर सुंदर भौतिकशास्त्र आहे. पण त्याच्याभोवती बंद पृष्ठभाग घेऊन B चा फ्लक्स मोजला तर तो शून्यच येतो, जेवढं H मधून बाहेर पडतं तेवढंच M मधून आत येतं. तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की लेखात आधी एवढंच शोधा, ते B बद्दल बोलतायत की H बद्दल.